तक्ता त्यांचा, शीर्षक आपले

२०११ साली भारताचा साक्षरता दर किती होता, या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. एक ७४.०४ टक्के, दुसरे ७२.९९ टक्के. दोन्ही जनगणनेचीच आहेत. पहिला आकडा ३१ मार्च २०११ रोजी जाहीर झालेल्या तात्पुरत्या आकडेवारीतला, तर दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आलेल्या अंतिम आकडेवारीतला. अंतिम आकडा येऊन इतकी वर्षे लोटली, तरी प्रबंधांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ७४.०४ अजूनही भेटतो. त्याच्या वर शीर्षक असते ‘भारतातील साक्षरता दर, १९५१ ते २०११’ आणि खाली ‘स्रोत : जनगणना २०११’. शीर्षक खोटे नाही, स्रोतही खरा आहे. तरीही वाचकाच्या हाती पडतो तो मागे पडलेला आकडा.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. ज्या अहवालात हा तक्ता होता, त्या अहवालाच्या नावातच ‘तात्पुरती’ हा शब्द होता. त्यामुळे आतल्या प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर तो पुन्हा छापण्याची गरज नव्हती. अहवाल हातात असलेल्या वाचकाला ते ठाऊकच होते. पुढे कोणीतरी तक्ता शीर्षकासकट उचलला आणि अहवालाचे नाव मागे राहिले. मूळ शीर्षक मूळ जागी पुरेसे असते ते आजूबाजूच्या मजकुरामुळे. प्रकरणाचे नाव, आधीचा परिच्छेद, पानाच्या तळाची टीप हे सगळे मिळून अर्थ पुरा होतो. जागा बदलली की तेच शीर्षक अपुरे पडते. म्हणून दुसऱ्याचा तक्ता किंवा आकृती घेताना श्रेय मूळ कर्त्याला द्यायचे आणि शीर्षक मात्र आपण नव्याने लिहायचे, ही पद्धत मला योग्य वाटते.

बरेच विद्यार्थी हे काम निव्वळ साम्याची टक्केवारी खाली आणण्यासाठी करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाशिवाय सोडले जाते आणि त्यापुढे पायऱ्या चढत जातात. साम्य तपासणारी प्रणाली शब्दांच्या ओळी जुळवते, त्यामुळे तीस-चाळीस तक्त्यांची जशीच्या तशी घेतलेली शीर्षके तिच्या नजरेत भरतात. मग शब्द मागेपुढे केले जातात, ‘दर’च्या जागी ‘प्रमाण’ येते, ‘साक्षर’च्या जागी ‘शिक्षित’. इथे घोटाळा होतो. जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची, कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती साक्षर. ती शाळेत गेलेली असलीच पाहिजे असे नाही. तेव्हा साक्षरतेच्या आकड्यांवर ‘शिक्षितांचे प्रमाण’ असे शीर्षक दिले, की साम्य कमी झाले आणि तक्ता चुकीचा झाला. पारिभाषिक शब्द बदलायचे नसतात. बदलायचे असते ते वाक्य, त्याचा रोख आणि वाचकाला काय दाखवायचे ते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, एक प्राध्यापिका स्त्रीशिक्षणावर पुस्तक लिहीत आहेत. स्वातंत्र्यानंतर साक्षरतेत स्त्रिया आणि पुरुष यांच्यातले अंतर कसे बदलले, हे त्यांच्या तिसऱ्या प्रकरणात सांगायचे आहे. त्यांच्यासमोर २०११ च्या तात्पुरत्या आकडेवारीतला तक्ता आहे. त्याचे कामाचे स्तंभ असे :

| वर्ष | पुरुष (%) | स्त्रिया (%) | अंतर |
|---|---|---|---|
| १९५१ | २७.१६ | ८.८६ | १८.३० |
| १९६१ | ४०.४० | १५.३५ | २५.०५ |
| १९७१ | ४५.९६ | २१.९७ | २३.९९ |
| १९८१ | ५६.३८ | २९.७६ | २६.६२ |
| १९९१ | ६४.१३ | ३९.२९ | २४.८४ |
| २००१ | ७५.२६ | ५३.६७ | २१.५९ |
| २०११ | ८२.१४ | ६५.४६ | १६.६८ |

मूळ शीर्षक ‘भारतातील साक्षरता दर, १९५१ ते २०११’ अशा धर्तीचे. ते तसेच ठेवले तर पहिली अडचण ही, की बाईंचा विषय दर नसून अंतर आहे. वाचक शीर्षक वाचून एकूण साक्षरता पाहायला लागतो, पुरुषांचा स्तंभ वरून खाली वाचतो, आणि शेवटच्या स्तंभाकडे त्याचे लक्ष जाईपर्यंत पान उलटलेले असते. जनगणना कार्यालयाला जे सांगायचे होते ते त्यांनी शीर्षकात सांगितले. बाईंना वेगळे सांगायचे आहे, म्हणून शीर्षकाचा कर्ताच बदलायला हवा. ‘साक्षरता दर’ऐवजी ‘स्त्री-पुरुष साक्षरता दरांतील अंतर’.

मूळ तक्ता बंद करून, फक्त आपला मुद्दा डोळ्यांसमोर ठेवून शीर्षक लिहिले, तर ते आपसूक नवे होते. मूळ वाक्य समोर ठेवून एकेक शब्द बदलत बसले की फार तर त्याची सावली तयार होते. इंग्रजी शीर्षकाचे मराठी केले म्हणूनही ते आपले होत नाही. पण नवे शीर्षक लिहून झाल्यावर मूळ तक्ता पुन्हा उघडणे मात्र सक्तीचे मानावे, कारण आता त्यातल्या अटी तपासायच्या असतात. कोणाबद्दलचे आकडे, कुठले, कधीचे, कशाच्या मापात, आणि कोणाला वगळून?

बाई तळटीप वाचतात आणि तिथे तीन गोष्टी सापडतात. १९५१, १९६१ आणि १९७१ चे दर पाच वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहेत, तर १९८१ पासूनचे सात वर्षे व त्यावरील. १९८१ च्या आकड्यांत आसाम नाही, कारण तिथे त्या वर्षी जनगणना होऊ शकली नाही. त्याच कारणाने १९९१ च्या आकड्यांत जम्मू-काश्मीर नाही.

यातली पहिली गोष्ट बाईंच्या विषयाच्या मुळाशी जाते. तक्त्यात १९७१ ते १९८१ या दशकात अंतर २३.९९ वरून २६.६२ झालेले दिसते. कोणालाही वाटेल, सत्तरच्या दशकात स्त्रिया पुरुषांच्या आणखी मागे पडल्या. पण मधल्या मध्ये मोजण्याचा पायाच बदललेला आहे. पाच आणि सहा वर्षांची मुले-मुली हिशेबातून काढली. त्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. समजा शंभर मुलग्यांत पन्नास साक्षर आहेत आणि शंभर मुलींत पंचवीस. अंतर पंचवीसचे. आता दोन्हीकडून पाच-पाच निरक्षर लहान मुले वगळली. मुलग्यांचा दर पन्नास भागिले पंच्याण्णव, म्हणजे ५२.६३ टक्के होतो आणि मुलींचा २६.३२ टक्के. एकही मूल नव्याने साक्षर झाले नाही किंवा मागे पडले नाही, तरी अंतर पंचवीसवरून २६.३१ झाले. प्रत्यक्षात १९७१ ते १९८१ मधल्या वाढीत याचा वाटा किती, हे या तक्त्यावरून सांगता येत नाही. म्हणूनच त्या वाढीवर विधान करता येत नाही.

मूळ शीर्षक उचलणाऱ्याच्या हे लक्षात येण्याची शक्यता फार कमी. त्याने तळटीप एक तर गाळलेली असते, नाही तर न वाचता उतरवलेली असते. शीर्षक स्वतः लिहिणाऱ्याला मात्र कंसात वयोगट घालायचा असतो आणि तिथे तो अडखळतो. एकाच कंसात दोन वयोगट मावत नाहीत. हे अडखळणेच उपयोगाचे आहे. शीर्षक एका दमात लिहिता येत नसेल, तर बहुधा तक्त्यात दोन तक्ते मिसळलेले असतात.

बाई निर्णय घेतात की तक्ता १९८१ पासून सुरू करायचा आणि आधीच्या तीन दशकांबद्दल मजकुरात वेगळे लिहायचे. २०११ साठी अंतिम आकडे घ्यायचे, म्हणजे पुरुष ८०.८९ आणि स्त्रिया ६४.६४. अंतर १६.२५ येते. तात्पुरत्या आकड्यांतले १६.६८ आता चालणार नाही, म्हणून ही वजाबाकी त्यांना स्वतःच करावी लागते. आता पुस्तकात तक्त्याच्या वर आणि खाली जे छापले जाईल ते असे :

तक्ता ३.२ : स्त्री-पुरुष साक्षरता दरांतील अंतर, भारत, १९८१ ते २०११ (सात वर्षे व त्यावरील लोकसंख्या, दर टक्क्यांत)

टीप : १९८१ च्या आकड्यांत आसाम आणि १९९१ च्या आकड्यांत जम्मू-काश्मीर समाविष्ट नाही. २०११ चे दर अंतिम आकडेवारीतले आहेत.

स्रोत : १९८१ ते २००१ चे दर भारताची जनगणना २०११, तात्पुरती लोकसंख्या आकडेवारी यातून, २०११ चे दर भारताची जनगणना २०११, प्राथमिक जनगणना गोषवारा यातून. तक्त्याची निवड व मांडणी लेखिकेची. २०११ चे अंतर लेखिकेने काढले.

प्रत्यक्ष पुस्तकात स्रोताच्या ओळीत मूळ तक्त्याचा क्रमांक आणि पानही हवे. शीर्षक आपण बदलले असल्याने वाचकाला मूळ तक्ता नावावरून शोधता येणार नाही. तो क्रमांकावरूनच सापडेल. शीर्षक जितके नवे, तितका स्रोत नेमका असावा लागतो. नुसते ‘जनगणना २०११’ लिहिणे म्हणजे एखाद्याचा पत्ता विचारल्यावर ‘पुण्यात राहतात’ असे सांगणे.

श्रेयाच्या ओळीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण तिथे एकाच शब्दावर सगळे भागवले जाते. ‘स्रोत’ एवढाच शब्द असेल तर वाचक समजतो की आकडे आणि मांडणी दोन्ही तिथूनच जशीच्या तशी आली. वर बाईंनी केले तसे ओळी गाळल्या, आकडे बदलले, अंतर नव्याने काढले, तर ते सांगितलेच पाहिजे. न सांगितल्यास आपण केलेली वजाबाकी जनगणना कार्यालयाच्या नावावर जाते, आणि ती चुकली तर दोषही त्यांच्याच नावावर. आकडे त्यांचे आणि आकृती आपली असेल तर ‘अमुक आकडेवारीच्या आधारे लेखकाने तयार केली’ असे लिहावे. आकृतीची कल्पना त्यांची, पण आपण त्यात फेरफार केला असेल तर ‘अमुक यांच्या आकृतीवरून, फेरफारासह’ म्हणावे आणि फेरफार कोणता तेही अर्ध्या ओळीत सांगावे. आकृती जशीच्या तशी छापली असेल तर ‘परवानगीने पुनर्मुद्रित’. या तीन तऱ्हा एकमेकींच्या जागी वापरू नयेत. सगळ्यात जास्त गैरवापर पहिल्या तऱ्हेचा होतो. रंग बदलला, चौकट काढली, अक्षरे मराठीत केली आणि आकृती ‘लेखकाने तयार केली’ असे छापून मोकळे झाले. बांधणी दुसऱ्याची असताना असे लिहिणे मी सरळ उचलेगिरीत धरतो.

आकृतीचे प्रकरण तक्त्याहून नाजूक आहे. तक्त्यातला आकडा कोणी लिहिला तरी तोच राहतो. आकृतीत मात्र काढणाऱ्याचे निर्णय मिसळलेले असतात. वरच्याच चार ओळींचा रेषालेख काढला आणि उभा अक्ष शून्य ते शंभर ठेवला, तर दोन रेषा हळूहळू जवळ येताना दिसतात. तोच अक्ष वीस ते नव्वद ठेवला तर त्या अधिक तीव्रतेने चढतात आणि त्यांच्यातली फट मोठी दिसते. जिल्हावार स्त्री-साक्षरतेचा रंगीत नकाशा असेल, तर पन्नास, साठ, सत्तर असे गट पाडायचे की प्रत्येक रंगात सारखेच जिल्हे येतील असे, यावर नकाशाचा चेहरा बदलतो. आकृतीखालची ओळ नव्याने लिहिताना हे निर्णय वाचकाला कळवणे आपल्याकडे येते. अक्ष शून्यापासून नसेल तर तसे लिहावे. गट कोणी पाडले, मूळ नकाशाकाराने की आपण, हेही लिहावे.

आकृतीखालच्या ओळीत निष्कर्ष सांगावा का, यावर मतभेद आहेत. ‘१९८१ नंतर प्रत्येक दशकात अंतर घटत गेले’ अशी ओळ वाचकाला लगेच मुद्द्यावर आणते. बाईंच्या आकड्यांवर ती खरीही उतरते. २६.६२, २४.८४, २१.५९ आणि १६.२५ अशी उतरंड आहे. सर्वसामान्य वाचकांच्या पुस्तकात मी अशीच ओळ पसंत करेन. प्रबंधात मात्र शीर्षक वर्णनपर ठेवावे आणि निष्कर्ष मजकुरात लिहावा, कारण परीक्षकाला आकडे स्वतःच्या नजरेने पाहायचे असतात. दोन्ही ठिकाणी एक बंधन सारखेच. ओळीत केलेले विधान समोरच्या आकृतीत दिसले पाहिजे. ‘सरकारी प्रयत्नांमुळे अंतर घटले’ असे या आकृतीखाली लिहिता येणार नाही, कारण आकृतीत प्रयत्न कुठेच नाहीत.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. शीर्षक नवे लिहिले म्हणून आकृती आपली होत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येत तक्ते आणि संकलने यांचा नावानिशी समावेश आहे. एखाद्या वर्षी साक्षरता किती होती, ही वस्तुस्थिती कोणाच्या मालकीची नसते. ती निवडण्यात आणि रचण्यात कोणी स्वतःचे कसब वापरले असेल, तर त्या रचनेला संरक्षण मिळू शकते. संशोधन, समीक्षा यांसाठी रास्त वापराची सवलत कायद्यात आहे, पण विक्रीच्या पुस्तकात एखाद्या लेखकाची आकृती जशीच्या तशी घ्यायची तर प्रकाशकाची परवानगी मागणे हाच सरळ मार्ग. श्रेय देणे आणि परवानगी घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीची भरपाई होत नाही. मुक्त परवान्याखाली आलेल्या आकृत्यांचेही तसेच. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय-परवान्यात नाव देणे, परवान्याचा उल्लेख करणे आणि बदल केले असल्यास ते सांगणे, तिन्ही अपेक्षित असते. त्यातल्या ज्या परवान्यात रूपांतराला मनाई असते, तिथे आकृतीत फेरफार करून ती प्रसिद्ध करता येत नाही.

दुसऱ्या हातून आलेला तक्ता हा आणखी एक खड्डा. बाईंना हाच तक्ता एखाद्या पाठ्यपुस्तकात सापडला असता आणि त्याखाली ‘स्रोत : जनगणना २०११’ अशी ओळ असती, तर तीच ओळ उतरवण्याचा मोह होतो. तसे केल्यास आपण जनगणना अहवाल पाहिल्याचा दावा होतो, जो खरा नसतो. मूळ अहवाल मिळवून पाहावा, आणि मिळालाच नाही तर पाठ्यपुस्तकाचे नाव द्यावे, ‘अमुक पुस्तकात उद्धृत’ असे म्हणावे. उतरवलेला तक्ता ओळखायला कठीण नसतो. २०११ च्या ओळीत ७४.०४ असून ‘तात्पुरते’ हा शब्द नाही, हा एक पुरावा. महाराष्ट्राच्या तक्त्यात ८२.३४ ऐवजी ८२.९१ असेल तर तोच पुरावा, कारण राज्याचाही अंतिम आकडा तात्पुरत्याहून कमी आला होता. शीर्षकात ‘सात वर्षे व त्यावरील’ असून पहिली ओळ १९५१ ची असेल, तर तळटीप कोणी वाचलेली नाही. आकृतीखाली ‘प्रस्तुत अभ्यासातील प्रतिसादक’ असे छापलेले आणि अभ्यास भलत्याचाच, हे तर परीक्षक पहिल्या चाळणीतच पकडतात.

छपाईला देण्याआधी एक तपासणी मी नेहमी सुचवतो. मजकूर झाकून फक्त तक्ता, त्याचे शीर्षक, टीप आणि स्रोत एवढेच विषयाबाहेरच्या माणसापुढे ठेवावे. त्यातला कोणताही एक आकडा बोटाने दाखवून पूर्ण वाक्यात सांगायला लावावा. बाईंच्या तक्त्यात ३९.२९ वर बोट ठेवले, तर त्याला म्हणता आले पाहिजे की १९९१ साली जम्मू-काश्मीर सोडून भारतातल्या सात वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी ३९.२९ टक्के साक्षर होत्या. या वाक्यातला जो तुकडा त्याला सांगता येत नाही, तोच शीर्षकातून किंवा टिपेतून गळालेला असतो.

पुढच्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. तिचेही आकडे आधी तात्पुरते येतील आणि नंतर अंतिम. ते वापरणाऱ्या प्रत्येक लेखकाला, शिक्षकाला आणि संपादकाला माझी विनंती आहे की तात्पुरत्या आकड्यांवरच्या आपल्या शीर्षकात तो शब्द आणि जाहीर झाल्याची तारीख लिहा, आणि अंतिम आकडे आले की पुढच्या आवृत्तीत तक्ता, शीर्षक आणि स्रोत तिन्ही एकदम बदला.